455 ते 608 पेन्स : कोरसच्या सौद्याचा हिशोब

31 जानेवारी 2007 ची सकाळ. लंडनमध्ये आदल्या संध्याकाळी सुरू झालेला लिलाव संपला होता. ब्राझीलच्या सीएसएन या कंपनीला मागे टाकून टाटा स्टीलने 'कोरस' ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी मिळवली होती. भारतीय कंपनीने तोवर परदेशात केलेली ही सर्वांत मोठी खरेदी. ज्या देशावर इंग्रजांनी राज्य केलं, त्या देशातली कंपनी आता एकेकाळच्या ब्रिटिश स्टीलची मालक होणार, म्हणून दिवसभर वाहिन्यांवर जल्लोष चालला होता. त्याच दिवशी मुंबईच्या शेअर बाजारात मात्र टाटा स्टीलचा शेअर दहा टक्क्यांहून अधिक घसरला.

पुढे काय झालं ते आता सर्वांसमोर आहे. 2013 मध्ये कंपनीने मुख्यतः या खरेदीपोटी ताळेबंदात दाखवलेल्या मालमत्तेतले सुमारे 8,356 कोटी रुपये बुडीत धरले. 2016 मध्ये कोरसचा एक मोठा विभाग नाममात्र एक पौंडाला विकला. 2024 मध्ये वेल्समधल्या पोर्ट टॅल्बोट इथल्या शेवटच्या दोन झोतभट्ट्या विझवल्या. इतक्या वर्षांनी मागे वळून 'सौदा चुकलाच' म्हणायला फारशी अक्कल लागत नाही. पण शेअर बाजाराने त्याच दिवशी नाक का मुरडलं, आणि तो संशय आकडे मांडून तपासता आला असता का, हा प्रश्न अधिक कामाचा आहे. कंपन्यांची विलीनीकरणं आणि अधिग्रहणं का होतात आणि त्यांतून भागधारकांच्या हाती अनेकदा काहीच का उरत नाही, हे समजून घ्यायला कोरसइतकं बोलकं उदाहरण शोधून सापडणार नाही. कारण या सौद्यामागचा विचार मूर्खपणाचा नव्हता. तो चांगलाच होता.

खरेदीमागची कारणं

टाटा स्टीलची स्थापना 1907 सालची, म्हणजे खरेदीच्या वेळी कंपनी शंभरीत होती. जमशेदपूरचा कारखाना वर्षाला पन्नास लाख टनांच्या आसपास पोलाद काढायचा. झारखंड आणि ओडिशात कंपनीच्या स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी होत्या, कोळशाचा काही भागही स्वतःचा होता. त्यामुळे जगात सर्वांत स्वस्तात पोलाद बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांत तिची गणना व्हायची. उणीव होती ती आकाराची. उत्पादनाच्या क्रमवारीत ती जगात पन्नासाव्या क्रमांकाच्याही खाली होती.

कोरसची गत नेमकी उलट होती. ब्रिटिश स्टील आणि नेदरलँड्सची होगोव्हेन्स यांचं 1999 मध्ये विलीनीकरण होऊन ती जन्माला आली. वर्षाला एक कोटी ऐंशी लाख टनांच्या घरात उत्पादन, मोटारींच्या आणि डबाबंद खाद्यपदार्थांच्या पत्र्यापासून रेल्वेच्या रुळांपर्यंतची उत्पादनं, संशोधन केंद्रं आणि युरोपातले जुने, भरवशाचे गिऱ्हाईक तिच्याकडे होते. पण स्वतःची खाण एकही नव्हती. खनिज आणि कोळसा बाजारभावाने विकत घ्यायचा आणि महागड्या मजुरीवर पोलाद बनवायचं.

त्या काळी पोलाद उद्योगात मोठं होण्याची घाईही होती. लोहखनिजाचा समुद्रमार्गे चालणारा व्यापार तीन बड्या खाण कंपन्यांच्या मुठीत होता. त्यांच्याशी भावाची घासाघीस करायची तर खरेदीदारही तोलामोलाचा हवा. 2006 मध्येच लक्ष्मी मित्तल यांनी आर्सेलर घेऊन सगळ्यांना धडकी भरवली होती. जो मोठा होणार नाही तो गिळला जाईल, अशी हवा होती.

टाटांची कल्पना अशी : खनिजाजवळ, म्हणजे भारतात, कच्च्या पोलादाच्या जाड लाद्या स्वस्तात बनवायच्या. या लाद्यांना धंद्यात स्लॅब म्हणतात. त्या जहाजाने युरोपात न्यायच्या, कोरसच्या गिरण्यांत लाटून त्यांचा उंची पत्रा करायचा आणि तिथल्याच गिऱ्हाइकांना विकायचा. स्वस्त पोलाद एकाकडचं, कसब आणि बाजारपेठ दुसऱ्याकडची. दोन्ही कंपन्यांचा संयुक्त नफा त्यांच्या वेगवेगळ्या नफ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त व्हावा, ही त्यामागची अपेक्षा. या जादा नफ्यालाच सिनर्जी म्हणतात. खरेदीमागे सांगितली जाणारी बहुतेक कारणं, मग ती बाजारपेठ असो, तंत्रज्ञान असो की आकार, शेवटी याच एका आकड्यात उतरावी लागतात. जी उतरत नाहीत, ती भागधारकाच्या दृष्टीने फक्त भाषणात शोभतात.

भाव कसा चढला

ऑक्टोबर 2006 मध्ये टाटा स्टीलने कोरसच्या प्रत्येक शेअरमागे 455 पेन्स देऊ केले आणि कोरसच्या संचालक मंडळाने ते मान्य केले. त्याआधीच्या बारा महिन्यांतला शेअरचा सरासरी भाव 360.5 पेन्स होता. म्हणजे बाजारभावावर सुमारे 26 टक्के जास्त. हा वरचा भाग म्हणजे प्रीमियम. तो द्यावाच लागतो, कारण बाजारभावाला सगळे शेअर सोडून द्यायला भागधारकांना काही कारणच नसतं.

मग सीएसएन उतरली. तिचंही गणित टाटांसारखंच होतं : तिच्याकडे ब्राझीलमध्ये स्वतःची लोहखनिजाची खाण होती आणि तिलाही युरोपातल्या गिरण्या हव्या होत्या. नोव्हेंबरमध्ये तिने 475 पेन्स सांगितले. डिसेंबरमध्ये टाटा 500 वर गेले, लगेच सीएसएनने 515 केले. ही चढाओढ अनिश्चित काळ चालू राहू नये म्हणून ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने लिलाव ठेवला. फेऱ्या ठरलेल्या, शेवटची नववी. सगळ्या फेऱ्या झाल्यावर सीएसएनचा आकडा होता 603 पेन्स आणि टाटांचा 608. अवघ्या पाच पेन्सांच्या फरकाने टाटा जिंकले.

जिंकले, पण पहिल्या प्रस्तावाच्या तब्बल एक तृतीयांश जास्त मोजून. शेअरपोटी एकूण सुमारे 620 कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास 12 अब्ज डॉलर, 50 हजार कोटी रुपयांहून अधिक. सरासरी भावावरचा प्रीमियम 26 टक्क्यांवरून जवळजवळ 69 टक्क्यांवर गेला. या तीन महिन्यांत कोरसच्या भट्ट्या बदलल्या नव्हत्या, गिऱ्हाईक वाढले नव्हते. बदलला होता तो फक्त समोरचा प्रतिस्पर्धी.

लिलावाच्या अभ्यासकांनी या धोक्याला 'विजेत्याचा शाप' असं नाव दिलं आहे. कोकणात आंब्याच्या बागेचा सौदा मोहोरावरच होतो. किती फळ धरेल याचा अंदाज प्रत्येक व्यापारी बांधतो, आणि बाग त्याला मिळते ज्याचा अंदाज सर्वांत मोठा. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी कदाचित खऱ्या पिकाच्या जवळ असेल, पण सौदा सरासरीला होत नाही, सर्वांत आशावादी माणसाला होतो. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांत हेच घडतं, असं एका अमेरिकी तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं होतं. कंपन्यांच्या लिलावात त्यात प्रतिष्ठेची भर पडते.

कागदावरचा साधा हिशोब

आता 608 पेन्स जास्त होते की योग्य, हे ताडून पाहू. हा हिशोब ढोबळ आहे, पण गृहीतकं उघडी ठेवून केलेला आहे.

खरेदीदाराच्या भागधारकाला सौद्यातून काय मिळतं? सिनर्जीची आजची किंमत वजा दिलेला प्रीमियम. बस, एवढंच. विकत घेतलेली कंपनी मुळात कितीची होती ते यात येत नाही, कारण तेवढे पैसे दिले आणि तेवढ्याची वस्तू मिळाली, हिशोब फिटला. फायदा-तोटा ठरतो तो वर मोजलेल्या पैशांवर.

टाटा स्टीलने त्या वेळी तिसऱ्या वर्षापासून दरसाल सुमारे 35 कोटी डॉलर सिनर्जीची अपेक्षा सांगितली होती. पौंडाचा भाव तेव्हा जवळपास दोन डॉलर होता, म्हणजे साधारण 18 कोटी पौंड. हा करापूर्वीचा आकडा. 30 टक्के कर वजा केला तर हाती साडेबारा कोटी पौंड उरतात. तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागणार हे सोडून देऊ आणि ही रक्कम पहिल्या दिवसापासून कायमची दरवर्षी मिळणार असं मानू. पोलादासारख्या जोखमीच्या धंद्यात भागधारक वर्षाला निदान 10 टक्के परताव्याची अपेक्षा ठेवतो. दरवर्षी साडेबारा कोटी पौंड 10 टक्क्यांनी मिळवायचे तर आज किती भांडवल लागेल? 125 कोटी पौंड. ही सिनर्जीची आजची किंमत, तीही खरेदीदाराला झुकतं माप देऊन.

कोरसचे शेअर ढोबळमानाने 100 कोटी होते. म्हणजे प्रत्येक शेअरमागे सिनर्जी 125 पेन्सची. सरासरी बाजारभाव 360 पेन्स. दोन्हींची बेरीज 485 पेन्स. हा झाला ना नफा ना तोट्याचा भाव.

आता बोलींकडे पाहा. 455 पेन्सला सौदा झाला असता तर टाटांच्या भागधारकांसाठी शेअरमागे 30 पेन्स, म्हणजे एकूण 30 कोटी पौंड उरत होते. सीएसएनच्या 475 पर्यंतही थोडं काही उरत होतं. 500 पेन्सला तराजू उलटला. 608 पेन्सला शेअरमागे 123 पेन्स, म्हणजे सुमारे 123 कोटी पौंड, टाटांच्या भागधारकांच्या खिशातून कोरसच्या भागधारकांच्या खिशात गेले. तेही सिनर्जीचा प्रत्येक पेन्स ठरल्याप्रमाणे हाती येईल असं धरून.

यावर एक रास्त आक्षेप येईल. पोलादाचे भाव तेव्हा चढते होते, मग वर्षभराची सरासरी हा पाया फार खाली धरला नाही का? ठीक, 360 ऐवजी 420 धरा. ना नफा ना तोट्याचा भाव 545 वर जातो. 608 अजूनही दूर आहे. दुसऱ्या बाजूने विचारा : मूळ पाया तोच धरून 608 पेन्स वसूल व्हायला सिनर्जी किती हवी होती? उलटा हिशोब केला तर दरसाल सत्तर कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे सांगितलेल्याच्या दुप्पट.

31 जानेवारीच्या सकाळी शेअर विकणाऱ्या प्रत्येकाने असा हिशोब मांडला असेल असं नाही. पण मांडण्यासाठी लागणारे सगळे आकडे त्या दिवशी जाहीर होते, आणि त्यांचं उत्तर बाजाराच्या दिशेनेच जात होतं.

सिनर्जी कुणाच्या हातात?

सिनर्जीचे प्रकार सारखे भरवशाचे नसतात. दोन मुख्यालयांपैकी एक बंद करणं, खरेदी एकत्र करणं, एकाच प्रकारची दोन केंद्रं मोडून एक ठेवणं यांतली बचत व्यवस्थापनाच्या स्वतःच्या हातात असते. ती बऱ्याच अंशी साधते. एकमेकांच्या गिऱ्हाइकांना माल विकून उत्पन्न वाढवणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असतं, म्हणून ते कमी भरवशाचं. आणि जी सिनर्जी अजून न बांधलेल्या कारखान्यावर अवलंबून असते, तिचा भरवसा सर्वांत कमी.

कोरसच्या सौद्यातली सर्वांत आकर्षक कल्पना याच तिसऱ्या प्रकारात मोडत होती. भारतातून युरोपात स्लॅब पाठवायचे तर भारतात जादा पोलाद हवं. जमशेदपूरचं जवळजवळ सगळं पोलाद देशातच खपत होतं. नवा मोठा कारखाना उभा राहणार होता तो ओडिशातल्या कलिंगनगरला. तिथे 2 जानेवारी 2006 रोजी भूसंपादनाला विरोध करणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बाराहून अधिक जणांचा जीव गेला. म्हणजे कोरसची पहिली बोली लावण्याच्या नऊ-दहा महिने आधीच या प्रकल्पाची वाट बिकट असल्याचं दिसलं होतं. कारखान्याचा पहिला टप्पा सुरू झाला नोव्हेंबर 2015 मध्ये, खरेदीनंतर आठ वर्षांहून अधिक काळाने.

आणि तोपर्यंत भारतातच बांधकाम, रस्ते आणि मोटारींमुळे पोलादाची मागणी वाढलेली. घराजवळ चांगला भाव मिळत असताना तेच पोलाद समुद्रापार पाठवून महागड्या मजुरीवर लाटण्यात काय अर्थ? तेव्हा खाणीपासून युरोपच्या गिऱ्हाइकापर्यंतची जी साखळी हा सौद्याचा प्राण होती, ती प्रत्यक्षात जुळलीच नाही. कोरस खरेदीआधी जशी बाजारभावाने खनिज विकत घेत होती, तशीच नंतरही घेत राहिली. मालक बदलला, खर्चाचं गणित बदललं नाही.

किमतीत न दिसणारं ओझं

कंपनी घेताना तिच्या मालमत्तेबरोबर तिच्या जबाबदाऱ्याही येतात. ब्रिटिश स्टीलच्या सरकारी काळापासून चालत आलेल्या पेन्शन योजनेत सुमारे एक लाख तीस हजार सदस्य होते आणि त्यांना द्यायच्या रकमांचा आकडा 15 अब्ज पौंडांच्या घरात होता. यातले बहुसंख्य लोक निवृत्त झालेले किंवा कंपनी सोडून गेलेले. म्हणजे आटत चाललेला धंदा कितीतरी मोठ्या जुन्या पिढीला पोसत होता. योजनेकडे स्वतःचा निधी होता, पण त्यात तूट पडली की ती भरण्याची जबाबदारी मालकाची. शेवटी 2017 मध्ये टाटांनी 55 कोटी पौंड रोख आणि ब्रिटनमधल्या कंपनीतला 33 टक्के हिस्सा योजनेला देऊन ही गाठ सोडवली.

दुसरं ओझं कर्जाचं. एकूण रकमेचा मोठा भाग कर्जाने उभा केला होता. त्यातलं बरंच कर्ज कोरसच्याच उत्पन्नातून फेडायचं, जमशेदपूरच्या कंपनीवर त्याचा थेट बोजा पडू नये, अशी रचना होती. कागदावर हे शहाणपणाचं. पण झोतभट्टी ही पाहिजे तेव्हा विझवायची आणि पाहिजे तेव्हा पेटवायची चूल नाही. ती वर्षानुवर्षं अखंड चालवावी लागते, म्हणून मागणी घटली तरी खर्च त्या प्रमाणात घटत नाही आणि नफा एकदम कोसळतो. अशा धंद्याच्या डोक्यावर मोठ्या कर्जाचं ठरावीक व्याज ठेवलं की चांगल्या वर्षी नफा फुगतो आणि वाईट वर्षी श्वास कोंडतो.

वाईट वर्ष लगेच आलं. 2008 च्या मध्यापर्यंत पोलादाचे भाव चढते होते आणि कोरस चांगली कमावत होती. सप्टेंबरनंतर जगभर मंदी पसरली. युरोपातली पोलादाची मागणी पुढच्या काही वर्षांत जवळपास 30 टक्क्यांनी घटली. टीसाइडच्या कारखान्याचे स्लॅब दहा वर्षं उचलण्याचा करार केलेल्या परदेशी कंपन्यांनी 2009 मध्ये अंग काढून घेतलं. 2010 च्या सुरुवातीला तो कारखाना थंड झाला आणि पुढच्या वर्षी थायलंडच्या एका कंपनीला विकला गेला. 2015 पर्यंत चीनची पोलाद निर्यात वर्षाला दहा कोटी टनांच्या पुढे गेली आणि भाव आणखी पडले. त्या सुमारास पोर्ट टॅल्बोटचा तोटा दिवसाला दहा लाख पौंड असल्याच्या बातम्या येत होत्या. कर्ज कागदोपत्री युरोपातल्या कंपनीचं होतं खरं, पण टाटांच्या नावाची पत पणाला लागल्यावर मूळ कंपनीला पैसे ओतत राहावंच लागलं.

युरोपातला धंदा जर्मनीच्या थिसेनक्रुपबरोबर एकत्र करून ओझं हलकं करण्याचा प्रयत्नही झाला. 2018 मध्ये करार झाला आणि जून 2019 मध्ये स्पर्धेला बाधा येईल म्हणून युरोपीय आयोगाने तो अडवला. विकत घेतलेला धंदा नको झाला म्हणजे लगेच काढून टाकता येतो असं नाही.

मग असे सौदे होतात कसे?

कंपनीचे व्यवस्थापक आणि कंपनीचे भागधारक यांचं हित नेहमी एक नसतं. कंपनी पाचपट मोठी झाली की ती चालवणाऱ्यांचं वजन, मानमरातब आणि बहुधा पगारही वाढतो. भागधारकाचा शेअर मात्र कंपनीच्या आकाराने वाढत नाही, शेअरमागच्या नफ्याने वाढतो. सौदा जुळवून देणाऱ्या गुंतवणूक बँकांचं मोठं शुल्क सौदा पूर्ण झाल्यावरच मिळतं. तेव्हा नवव्या फेरीच्या वेळी 'आता उठा' असं सांगण्यात खोलीतल्या फारशा कुणाचा फायदा नसतो.

यात लबाडी असावीच लागते असंही नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड रोल यांनी 1986 मध्ये मांडलं की अनेक खरेदीदार प्रामाणिकपणेच चुकतात. बाजाराने ठरवलेल्या किमतीपेक्षा आपला अंदाज बरोबर आहे, अशी त्यांची खात्री असते. आधी यश मिळालेल्या माणसांत ही खात्री जास्त असते. टाटा समूहाने 2000 मध्ये आपल्यापेक्षा मोठी असलेली टेटली ही चहा कंपनी घेऊन दाखवली होती. लहान माशाने मोठा मासा गिळल्याची ती आठवण ताजी होती.

'सत्तर-ऐंशी टक्के विलीनीकरणं फसतात' हे वाक्य व्यवस्थापनाच्या वर्गात सर्रास ऐकू येतं. ते जपून घ्यावं, कारण आकडा 'फसणं' कशाला म्हणायचं यावर बदलतो. सौदा जाहीर झाल्यावर विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना जवळजवळ नेहमी घसघशीत फायदा होतो, आणि दोन्ही बाजू एकत्र धरल्या तर अनेकदा थोडी भरच पडते. रिकामा राहतो तो खरेदीदाराचा हात. तेही सरसकट नाही. मोएलर, श्लिंगमन आणि स्टुल्झ या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या दोन दशकांच्या हजारो सौद्यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध केला. 1998 ते 2001 या काळात खरेदीदार कंपन्यांच्या भागधारकांनी सौदे जाहीर होण्याच्या दिवसांत मिळून सुमारे 240 अब्ज डॉलर गमावले होते, पण या नुकसानीचं मूळ 87 अतिप्रचंड सौद्यांत होतं. म्हणजे धोका खरेदीत तितका नाही, जितका तेजीच्या लाटेत केलेल्या महाकाय खरेदीत आहे. कोरस याच वर्णनात चपखल बसते.

याच समूहाचा दुसरा सौदा शेजारी ठेवला की फरक ठळक होतो. जून 2008 मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला घेतल्या. फोर्डने 1989 मध्ये जग्वारला सुमारे अडीच अब्ज आणि 2000 मध्ये लँड रोव्हरला 2.7 अब्ज डॉलर मोजले होते. पैशांची निकड असलेल्या विक्रेत्याकडून निम्म्याहून कमी भावात ही खरेदी झाली. मंदीचा तडाखा तिलाही बसला आणि पहिली वर्षं कठीण गेली. पुढे चीनमधल्या मागणीने आणि नव्या मॉडेल्सनी हात दिला. त्यात नशिबाचा वाटा होता. पण मुळात किंमत कमी दिल्यामुळे वाईट दिवस काढायला आणि नशीब उघडण्याची वाट बघायला जागा उरली. कोरसच्या 608 पेन्समध्ये तशी जागाच नव्हती.

भागधारकाने काय पाहावं

एखाद्या कंपनीने मोठी खरेदी जाहीर केली की पत्रकात धोरण, जुळणारी संस्कृती आणि जागतिक स्थान यांवर पानंच्या पानं असतात. आपले शेअर त्या कंपनीत असतील तर त्यातले दोन आकडे आधी शोधावेत : वर मोजलेला प्रीमियम एकूण किती, आणि दरसाल सिनर्जी किती सांगितली आहे. सिनर्जीतून कर वजा करून दहाने गुणलं की तिची ढोबळ किंमत मिळते. ती प्रीमियमपेक्षा कमी असेल तर बाकीचं पत्रक न वाचलं तरी चालेल. जास्त असेल तर पुढचा प्रश्न : ही सिनर्जी कंपनीच्या स्वतःच्या हातात आहे, की तिसऱ्याच्या मर्जीवर, सरकारी परवानगीवर किंवा न बांधलेल्या कारखान्यावर?

नंतरच्या वर्षांतही माग ठेवता येतो. विकत घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जे जास्त मोजलेलं असतं ते ताळेबंदात 'गुडविल' या नावाने बसतं. दरवर्षी ते तपासावं लागतं, आणि अपेक्षित उत्पन्न येत नाही असं ठरलं की बुडीत धरावं लागतं. 2013 मधला तो 8,356 कोटींचा आकडा मुख्यतः याचाच होता. मात्र गुडविलची कबुली नेहमी उशिरा येते. त्याआधीच्या खुणा वेगळ्या असतात : सिनर्जीचा आकडा वार्षिक अहवालातून हळूच नाहीसा होणं, विकत घेतलेल्या विभागाचे निकाल वेगळे दाखवणं बंद होणं, आणि त्या विभागात मूळ कंपनीने पुन्हा पुन्हा भांडवल घालणं.

राहता राहिला व्यवस्थापनासाठीचा प्रश्न. बोली लावायला बसण्यापूर्वी 'या आकड्यापुढे उठायचं' असा आकडा संचालक मंडळाने लिहून ठेवला आहे का, आणि समोरच्याने पाच पेन्स वाढवल्यावर तो बदलायचा असेल तर सिनर्जीचा कुठला नवा पुरावा लागेल? असा पुरावा नसताना वाढवलेला प्रत्येक पेन्स आपल्या भागधारकांकडून विकणाऱ्याला दिलेली भेट असते, सौद्यामागचा विचार कितीही बरोबर असला तरी.